डॉलर-रुपयाचा चार्ट पाहून परदेशी फी कधी पाठवावी, आणि चार्टवर किती विसंबावे

जून उजाडला की वडोदऱ्यात बँकांच्या परकीय चलन विभागांत पालकांची गर्दी वाढू लागते. मुलाला किंवा मुलीला अमेरिकेत प्रवेश मिळालेला असतो, फीची रक्कम आणि शेवटची तारीख विद्यापीठाने कळवलेली असते, आणि घरात एकच चर्चा चालू असते की डॉलर आज घ्यावा की थोडा उतरू द्यावा. मोबाइलवर चार्ट उघडणे आता कोणालाही जमते, पण त्या रेघेवरून नेमका कोणता निर्णय घेता येतो आणि कोणता घेता येत नाही हे सहसा कोणी सांगत नाही. हा लेख ज्यांना अशी रक्कम पहिल्यांदाच पाठवायची आहे त्यांच्यासाठी आहे. रक्कम ठरलेली आहे, मुदतही ठरलेली आहे, आणि मध्ये पाच-सहा आठवडे हाताशी आहेत, एवढीच परिस्थिती येथे गृहीत धरली आहे. सट्टा म्हणून डॉलर घेणे हा विषय येथे नाही.

उदाहरण म्हणून दांडिया बाजारात राहणारे एक कुटुंब घेऊ. मुलीच्या पहिल्या सत्राची फी 18,000 डॉलर आहे आणि ती 20 ऑगस्टपर्यंत विद्यापीठाच्या खात्यात पोहोचायला हवी. जुलैचा पहिला आठवडा संपला आहे. हिशेब सोपा जावा म्हणून चार्टवरचा भाव 90 रुपये धरू. प्रत्यक्षात तो वेगळा असेल, पण हिशेबाची रीत तीच राहते.

पहिली पायरी: चार्ट उघडण्याआधी कागदावर लिहायच्या गोष्टी

सर्वांत आधी शेवटची सुरक्षित तारीख काढावी. 20 ऑगस्ट ही पैसे पोहोचण्याची तारीख आहे, पाठवण्याची नव्हे. बँकेने डॉलर पाठवल्यावर मधल्या बँकेमार्फत ते विद्यापीठाच्या खात्यात जमा होईपर्यंत एक ते तीन कामकाजाचे दिवस जातात, आणि विद्यापीठाला ती रक्कम विद्यार्थ्याच्या नावे लावायला आणखी एखादा दिवस लागतो. मध्ये 15 ऑगस्टची सुट्टी आहे, शनिवार-रविवार आहेत, आणि एखादा कागद अपुरा निघाला तर एक पूर्ण दिवस हातचा जातो. म्हणून या कुटुंबाने 12 ऑगस्ट ही डॉलर घेण्याची शेवटची तारीख मानावी आणि ती कॅलेंडरवर लाल पेनने लिहून ठेवावी. चार्ट काहीही म्हणत असला तरी ही तारीख पुढे सरकवायची नाही.

कागदपत्रे याच टप्प्यावर तयार करून बँकेकडून तपासून घ्यावीत. पॅन, पासपोर्ट, प्रवेशपत्र किंवा आय-20, फीचे बिल आणि परदेशी रक्कम पाठवण्याचा अर्ज म्हणजे फॉर्म ए2, ही नेहमीची यादी आहे. हे आधी करण्याचे कारण शिस्त हे नसून भाव हे आहे. कागद तपासून झालेले नसतील, तर मनाजोगता भाव दिसेल त्या दिवशी बँक तो बांधून देऊ शकत नाही, आणि फाइल पूर्ण होईपर्यंत तो भाव निघून गेलेला असतो.

उदारीकृत प्रेषण योजनेखाली एका व्यक्तीला एका आर्थिक वर्षात 2,50,000 डॉलरपर्यंत रक्कम पाठवता येते, त्यामुळे मर्यादेचा प्रश्न येथे येत नाही. उगमस्थानी गोळा होणाऱ्या कराचा, म्हणजे टीसीएसचा, मात्र येतो. 1 एप्रिल 2025 पासून एका व्यक्तीच्या वर्षभरातील पहिल्या 10 लाख रुपयांवर हा कर लागत नाही, आणि मान्यताप्राप्त वित्तसंस्थेच्या शैक्षणिक कर्जातून पाठवलेल्या रकमेवर तो लागतच नाही. स्वतःच्या पैशातून शिक्षणासाठी पाठवलेल्या 10 लाखांवरील रकमेला 2025-26 मध्ये 5 टक्के दर होता. चालू वर्षाचा दर बँकेत विचारून घ्यावा, कारण अर्थसंकल्पात तो बदलू शकतो. आपल्या उदाहरणात सुमारे सव्वासहा लाख रुपये या 10 लाखांच्या बाहेर जातात, म्हणजे 5 टक्क्यांच्या दराने खात्यात साधारण 31,000 रुपये जास्तीचे असायला हवेत. ते पुढे आयकराच्या हिशेबात वळते होतात, पण भाव बांधण्याच्या दिवशी खात्यात नसले तर व्यवहार अडतो. 10 लाखांची ही मर्यादा दर आर्थिक वर्षी नव्याने सुरू होते, त्यामुळे ज्यांची फी मार्च-एप्रिलच्या सुमारास भरायची असते, त्यांना रक्कम 31 मार्चच्या अलीकडे-पलीकडे वाटून निश्चित फायदा होतो. तारखेचा असा हमखास उपयोग चार्ट कधीच देत नाही.

दुसरी पायरी: योग्य चार्ट आणि त्याचे वाचन

चार्टवर USDINR असे लिहिलेले असते आणि त्याचा अर्थ एका डॉलरचे रुपये असा आहे. त्यामुळे रेघ वर गेली की रुपया घसरला, आणि खाली आली की रुपया वधारला. शेअरच्या चार्टची सवय असलेली माणसे येथे पहिल्या दिवशी हमखास उलटे वाचतात. हिरव्या रंगाने चढत जाणारी रेघ पाहून एखादे काका समाधानाने मान हलवतात, आणि त्यांच्या पुतणीची फी तेवढीच महागत असते.

दुसरी गोष्ट वेळेची. भारतातील बँकांचा आपसातील डॉलर-रुपया बाजार सोमवार ते शुक्रवार सकाळी 9 ते दुपारी 3.30 या वेळात चालतो. पण अनेक संकेतस्थळांवरचा चार्ट चोवीस तास हलत राहतो, कारण त्यात भारताबाहेरच्या बाजारांतील भाव मिसळलेले असतात. रात्री अकरा वाजता त्यावर दिसलेला खोल तळ हा वडोदऱ्याच्या बँकेत कोणालाच मिळालेला नसतो. अशा चार्टवरची टोके, म्हणजे कॅन्डलच्या लांब शेपट्या, धरून सपोर्ट-रेझिस्टन्सच्या, म्हणजे उतरताना भाव जिथे थांबतो आणि चढताना जिथे अडतो त्या पातळ्यांच्या, रेघा ओढल्या तर त्या चुकीच्या जागी पडतात. शनिवारी मोबाइलवर दिसणारा भावसुद्धा शुक्रवारचाच शिळा भाव असतो, आणि सोमवारी बाजार त्याच जागी उघडेल असे नाही.

म्हणून रोजच्या एका भरवशाच्या आकड्याशी पडताळा ठेवावा. फायनान्शियल बेंचमार्क्स इंडिया ही संस्था प्रत्येक कामकाजाच्या दिवशी दुपारी दीडच्या सुमारास संदर्भ दर प्रसिद्ध करते. पूर्वी हे काम रिझर्व्ह बँक स्वतः करीत असे आणि जुलै 2018 पासून ते या संस्थेकडे आले. हा दर देशातील बाजारातल्या प्रत्यक्ष व्यवहारांवरून काढलेला असतो. तुमचा चार्ट या दरापासून सतत दूर दिसत असेल तर चार्ट बदलावा.

तिसरी पायरी: दिशा नव्हे, रुंदी मोजणे

नवख्या माणसाला चार्टकडून दिशा हवी असते. डॉलर उतरेल की चढेल, एवढेच तो विचारतो. चार्ट या प्रश्नाचे उत्तर फार कच्चे देतो, पण दुसऱ्या एका प्रश्नाचे उत्तर चांगले देतो. सहा आठवड्यांत हा भाव साधारण किती हलतो, हा तो प्रश्न आहे. माझ्या मते अशा व्यवहारात चार्टचा खरा उपयोग हाच आहे, आणि तो फार थोडे लोक करतात.

हे मोजायला गूगल शीट पुरते. रिकाम्या शीटच्या पहिल्या घरात पुढील सूत्र टाकले की मागील काळातील रोजचे भाव दोन स्तंभांत उतरतात.

```
=GOOGLEFINANCE("CURRENCY:USDINR","price",DATE(2024,7,1),DATE(2025,6,30),"DAILY")
```

मग शेजारच्या स्तंभात प्रत्येक तारखेच्या भावाची सहा आठवड्यांनंतरच्या भावाशी वजाबाकी करावी.

```
=B44-B2
```

दोन्ही ओळींच्या तारखांत खरोखर सहा आठवड्यांचे अंतर आहे ना, हे एकदा पाहून घ्यावे आणि सहा आठवड्यांनंतरचा भाव उपलब्ध आहे तिथपर्यंतच सूत्र खाली ओढावे. जो स्तंभ तयार होतो त्यात काही आकडे अधिक चिन्हाचे आणि काही वजा चिन्हाचे दिसतात. ते डोळ्यांखालून घातले की पहिली समजूत येते ती अशी की वाट पाहणाऱ्याला कधी फायदा झाला, कधी तोटा, आणि आधी पाहून ओळखता यावे असे त्यात फारसे काही नव्हते.

येथे एक मोह टाळायला हवा. पुष्कळजण सहा आठवड्यांतील सर्वांत कमी आणि सर्वांत जास्त भाव घेऊन त्यांतला फरक म्हणजे आपली संधी असे समजतात. पण तळ कोणता होता हे तो होऊन गेल्यावरच कळते. पहिल्या आणि शेवटच्या दिवसातील फरक हा अधिक प्रामाणिक आकडा आहे, कारण तुम्ही आज घेतले नाहीत तर तुम्हाला पुढचा कोणतातरी एक दिवस मिळणार आहे, सर्वांत चांगला दिवस नव्हे.

शीट करायची नसेल तर एक ढोबळ हिशेब आहे. एका दिवसाच्या बंद भावातून दुसऱ्या दिवसाच्या बंद भावात साधारण 20 पैशांचा फरक पडत असेल, तर सहा आठवड्यांतील 30 कामकाजाच्या दिवसांत फरक 30 पट होत नाही, कारण काही दिवस वरचे आणि काही खालचे असतात. तो 30 च्या वर्गमूळाइतक्या, म्हणजे साडेपाच पटीने वाढतो. 20 पैसे गुणिले साडेपाच म्हणजे सुमारे 1 रुपया 10 पैसे. बहुतेक वेळा भाव सहा आठवड्यांनी आजच्या भावाच्या दोन्ही बाजूंना एवढ्या अंतरात असतो, आणि अधूनमधून त्याबाहेरही जातो. 18,000 डॉलरवर 1.10 रुपये म्हणजे 19,800 रुपये. या कुटुंबाचे पणाला लागले आहे ते एवढे, आणि तेही दोन्ही दिशांनी.

या दोन्ही बाजू अगदी सारख्या वजनाच्या नाहीत. 2013 अखेर डॉलर 62 रुपयांच्या आसपास होता आणि 2023 अखेर 83 च्या थोडा वर, म्हणजे दहा वर्षांत सरासरीने वर्षाला सुमारे 3 टक्के चढ झाली. सहा आठवड्यांच्या वाट्याला त्यातून 30 पैशांच्या आसपास येतात. बचत खात्यातले त्याच काळाचे व्याज साधारण तेवढेच भरते, त्यामुळे त्यावरून घाई करण्याचे कारण नाही, पण डॉलर कधीतरी आपल्या जुन्या भावाला परत येईलच या समजुतीलाही आधार नाही.

चौथी पायरी: बँकेचा कट आधी पाहणे

चार्टवर दिसणारा 90 हा भाव बँका आपसात ज्या दराने व्यवहार करतात त्याच्या मधोमधचा आहे. तुम्हाला लागतो तो टीटी सेलिंग रेट, म्हणजे परदेशी रक्कम पाठवताना बँक ज्या भावाने डॉलर विकते तो, आणि बँक सकाळी सर्वांसाठी लावते त्या कार्ड रेटमध्ये तो बराच वर असू शकतो. समजा त्या सकाळी कार्ड रेट 91.10 आहे. मग 18,000 डॉलरचे 16,39,800 रुपये होतात, आणि चार्टच्या भावापेक्षा 19,800 रुपये जास्त जातात. हाच बँकेचा कट.

हा आकडा वर येऊन गेला आहे. सहा आठवडे चार्टकडे डोळे लावून जेवढा फायदा किंवा तोटा होण्याची शक्यता होती, तेवढीच रक्कम कार्ड रेट निमूट स्वीकारणारा माणूस पहिल्याच दिवशी नक्की घालवतो. चार्टवरची कमाई होईल की नाही सांगता येत नाही, पण हा कट कमी करणे बऱ्याच अंशी आपल्या हातात असते.

त्यासाठी शाखेत जाऊन किंवा रिलेशनशिप मॅनेजरला फोन करून डील रेट मागावा. चांगल्या रकमेच्या व्यवहारासाठी शाखा आपल्या ट्रेझरीला, म्हणजे बँकेचे बाजारातील व्यवहार पाहणाऱ्या विभागाला, फोन लावून त्या क्षणीचा भाव घेऊ शकते आणि त्यावर किती पैसे लावणार हे सांगू शकते. प्रश्न नेमका विचारावा: "आत्ता बाजार कितीला आहे, आणि त्यावर तुम्ही किती पैसे घेणार?" नुसता अंतिम भाव विचारला तर कट त्यात दडून जातो. दोन बँकांची तुलना करायची असेल तर दोघींना एकाच पाच-दहा मिनिटांत विचारावे, नाहीतर बाजार हलल्यामुळे पडलेला फरक कटाचा फरक वाटतो. आपल्या कुटुंबाने असे विचारले आणि त्यांना 35 पैशांवर भाव मिळाला असे धरू. मग 90.35 ने 16,26,300 रुपये होतात, म्हणजे चार्टवर एकही रेघ न ओढता 13,500 रुपये वाचले.

क्लिअरिंग कॉर्पोरेशन ऑफ इंडियाने ऑगस्ट 2019 मध्ये एफएक्स-रिटेल नावाचा मंच सुरू केला आहे. त्यावर नोंदणी केलेल्या ग्राहकाला बाजाराचा भाव स्वतःच्या पडद्यावर दिसतो, त्या भावाला डॉलर घेता येतो, आणि बँकेचे शुल्क आधी ठरलेले व वेगळे दाखवलेले असते. नोंदणी आपल्या बँकेमार्फतच होते आणि तिला दिवस लागतात, तेव्हा त्याची चौकशी पहिल्या आठवड्यातच करावी. शाखेतल्या सगळ्यांना याची माहिती असते असे नाही, म्हणून नाव घेऊन विचारावे. काही विद्यापीठे फी भरण्यासाठी स्वतःच एखादी मध्यस्थ सेवा सुचवतात. तिने दिलेल्या रुपयांच्या आकड्याला डॉलरच्या आकड्याने भागून त्यातला कट किती आहे हे काढावे आणि मगच तुलना करावी.

पाचवी पायरी: नियम आधी लिहून ठेवणे

आता चार्टचे काम येते, आणि तेही मर्यादित. सर्व रक्कम आज पाठवणे हा अगदी योग्य निर्णय आहे, आणि ज्यांना मनःस्ताप नको त्यांनी तोच घ्यावा. थोडी वाट पाहायचीच असेल तर रक्कम दोन भागांत करून निम्मी लगेच पाठवावी आणि उरलेल्या निम्म्यासाठी तीन गोष्टी लिहाव्यात: कोणत्या भावाला आनंदाने घ्यायचे, कोणत्या भावाला नाइलाजाने घ्यायचे, आणि कोणत्या तारखेला काहीही असो घ्यायचे.

पहिले दोन भाव ठरवताना दैनिक चार्टचा उपयोग होतो. मागील दोन-तीन महिन्यांत भाव उतरताना ज्या पातळीपाशी दोन-तीनदा थांबला ती खालची पातळी, आणि चढताना जिथे अडला ती वरची. आपल्या उदाहरणात त्या 89.30 आणि 90.60 आहेत असे धरू. बाजार खाली 89.30 ला आला तर उरलेले 9,000 डॉलर त्याच दिवशी घ्यायचे, आणखी उतरण्याची वाट पाहायची नाही. वरच्या बाजूला क्षणभर 90.60 दिसले म्हणून धावायचे नाही, पण दिवस त्याच्या वर बंद झाला तर दुसऱ्या सकाळी घेऊन टाकायचे. दोन्हींपैकी काही घडले नाही तर 12 ऑगस्टला जो भाव असेल त्याने घ्यायचे. हा कागद घरातल्या दोघांनी वाचून तारीख टाकून ठेवावा, कारण भाव 90.65 झाल्यावर कुटुंबाच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर "उद्या नक्की उतरेल" असे सांगणारा कोणीतरी असतोच.

50 दिवसांचा मूव्हिंग अॅव्हरेज एवढेच सांगतो की भाव अलीकडच्या सरासरीच्या वर आहे की खाली. रिझर्व्ह बँक ज्या काळात रुपयाला हळूहळू उतरू देते, त्या काळात आरएसआय, म्हणजे अलीकडची चढ किती जोराची आहे हे 0 ते 100 मध्ये दाखवणारे माप, आठवडेच्या आठवडे 70 च्या वर राहू शकतो, आणि "अतिखरेदी झाली, आता उतरेल" असे म्हणून थांबणारा माणूस रोज थोडा महाग डॉलर पाहत बसतो. पहिल्यांदाच रक्कम पाठवणाऱ्याने हे दोन्ही बाजूला ठेवले तरी काही बिघडत नाही.

रक्कम किती भागांत करायची यालाही खर्चाची मर्यादा आहे. चलन बदलण्याच्या व्यवहारावर जीएसटी टप्प्याटप्प्याने लागतो. 1 ते 10 लाखांच्या व्यवहारात करपात्र मूल्य 1,000 रुपये अधिक 1 लाखावरील रकमेच्या अर्धा टक्का असे धरतात, 10 लाखांवर ते 5,500 रुपये अधिक वरच्या रकमेच्या दशांश टक्का असे होते, आणि त्या मूल्यावर 18 टक्के कर बसतो. सव्वासोळा लाख एकदम पाठवले तर जीएसटी सुमारे 1,100 रुपये होतो, तर दोन सारख्या भागांत पाठवले तर एकूण 1,650 च्या आसपास. त्यात दुसऱ्यांदा लागणारे स्विफ्टचे, म्हणजे बँकांच्या आंतरराष्ट्रीय संदेशयंत्रणेचे, शुल्क मिळवावे. दोन भाग परवडतात. पाच-सहा भाग करून "सरासरी काढणे" या रकमेला परवडत नाही.

आता पुढे काय झाले ते पाहू. पहिले 9,000 डॉलर 90.35 ने गेले. जुलैभर भाव 89.60 आणि 90.40 यांच्यात फिरत राहिला आणि खालची पातळी काही आली नाही. ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यात एक दिवस तो 90.65 ला बंद झाला. दुसऱ्या सकाळी बाजार 90.70 होता, 35 पैसे धरून 91.05 ने उरलेले 9,000 घेतले गेले. दोन्ही मिळून 16,32,600 रुपये लागले. पहिल्याच दिवशी सगळे घेतले असते तर 6,300 रुपये आणि वरचे 550 रुपये जीएसटी वाचले असते. उलट 89.30 ची पातळी आली असती तर नेमका 6,300 रुपयांचा फायदा झाला असता. तरीही हे कुटुंब पहिल्या दिवशीच्या कार्ड रेटपेक्षा 7,200 रुपयांनी स्वस्तात सुटले, आणि ते चार्टमुळे नव्हे तर कट कमी करून घेतल्यामुळे.

चार्ट जिथे संपतो

डॉलर-रुपयाचा चार्ट हा शेअरच्या चार्टसारखा असंख्य खरेदीदार-विक्रेत्यांच्या मनःस्थितीचा आलेख नाही. या बाजारात रिझर्व्ह बँक हा एक अतिशय मोठा सहभागी आहे आणि त्याचा हेतू नफा हा नसून चढउतार आटोक्यात ठेवणे हा आहे. त्यामुळे चार्टवरच्या काही पातळ्या बाजाराच्या नसतात, त्या धोरणाच्या असतात, आणि दिसायला दोन्ही अगदी सारख्या दिसतात.

2025 च्या शरद ऋतूतील चार्ट यासाठी जवळून पाहण्यासारखा आहे. सप्टेंबरच्या अखेरीस डॉलर 88.80 पर्यंत चढला आणि नंतर ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये पुन्हापुन्हा त्या पातळीजवळ जाऊन मागे फिरला. पाठ्यपुस्तकात छापावा असा सपाट रेझिस्टन्स तयार झाला होता. ते छत खरे तर रिझर्व्ह बँकेच्या डॉलरविक्रीने धरून ठेवलेले आहे असे बाजारात सर्वसाधारणपणे मानले जात होते. 21 नोव्हेंबरला ते तुटले आणि भाव त्याच दिवशी 89 च्या बराच वर गेला, म्हणजे एका दिवसात सुमारे 70 पैसे किंवा त्याहून अधिक. 3 डिसेंबरला 90 ओलांडले गेले. "88.80 च्या वर जात नाही, मग घाई कशाला" असे म्हणणाऱ्याला 18,000 डॉलरवर त्या एका दिवसाने 12,600 रुपयांच्या आसपास जास्त मोजायला लावले. जितक्या वेळा पातळी टिकली तितकी ती भक्कम, हा चार्टचा नेहमीचा नियम येथे उलटा पडतो. धरून ठेवलेली पातळी सुटते तेव्हा मागे साठलेली सगळी मागणी एकदम बाहेर येते.

उलट्या बाजूनेही हेच होते. 10 फेब्रुवारी 2025 ला डॉलर 88 च्या अगदी जवळ गेला होता, आणि दुसऱ्याच दिवशी रिझर्व्ह बँकेच्या जोरदार हस्तक्षेपानंतर रुपया एका दिवसात साठ पैशांहून अधिक सावरला. तो दिवस कोणत्याही इंडिकेटरने आधी सांगितला नव्हता. त्याच वर्षी 2 मे रोजी भाव काही काळ 84 च्याही खाली होता आणि 8 मे रोजी, भारत-पाकिस्तान संघर्षाच्या दिवसांत, तो साडेपंच्याऐंशीच्या वर होता. 2 मे ला आणखी उतरण्याची वाट पाहणाऱ्याजवळ चार्टचे सगळे पुरावे होते, कारण रेघ दोन महिन्यांत बरीच खाली आली होती.

अतिशांत काळही फसवतो. 2023 मध्ये भाव जवळजवळ वर्षभर 81 ते 83.50 या पट्ट्यात राहिला, आणि अशा काळात मोजलेली रुंदी फारच कमी येते. त्या आकड्यावरून पुढच्या वर्षीचा निर्णय घेतला तर धोका कमी लेखला जातो. म्हणून तिसऱ्या पायरीतील शीटमध्ये एकच वर्ष न घेता एक शांत आणि एक खळबळीचे अशी दोन वर्षे घ्यावीत आणि मोठा आकडा धरावा.

हे सगळे धरूनही ज्यांना 20 ऑगस्टपर्यंत भाव वाढलेला अजिबात परवडणार नाही, ज्यांच्या खात्यात नेमकी तेवढीच रक्कम आहे, त्यांनी चार्टचा विचारच करू नये आणि सर्व डॉलर पहिल्या आठवड्यातच घ्यावेत. वाट पाहणे हे फक्त ज्याला तोटा सोसवतो त्याने करायचे काम आहे. त्याचप्रमाणे "आम्ही डॉलरचा भाव सांगतो, आमच्या अॅपवर फॉरेक्स ट्रेडिंग करून फी भरून काढा" असे सांगणाऱ्यांपासून दूर राहावे. अनधिकृत मंचांवर चलनाचे व्यवहार करणे परकीय चलन कायद्याखाली बेकायदेशीर आहे, आणि रिझर्व्ह बँकेने अशा मंचांची सावधानतेची यादी प्रसिद्ध केलेली आहे.

भाव बांधण्याच्या दिवशी

सकाळी 10 ते दुपारी 1 च्या दरम्यान बँकेशी बोलावे. पहिल्या काही मिनिटांत भाव उड्या मारत असतो, आणि दुपारनंतर त्या दिवशीची रक्कम त्याच दिवशी निघण्याची वेळ संपत येते. फॉर्म भरून देणे आणि भाव बांधला जाणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. ऑनलाइन अर्ज रात्री केला तर तो दुसऱ्या दिवशीच्या भावाने लागू शकतो, आणि शाखेत दिलेला अर्ज मुख्य शाखेकडे जाऊन मंजूर होईपर्यंत तास-दोन तास जातात. म्हणून "भाव बुक झाला का, कितीला, आणि पैसे आज जाणार की उद्या?" हे तिन्ही विचारून उत्तर ईमेलवर किंवा संदेशात लेखी घ्यावे.

फॉर्मवर परदेशातील बँकांचे शुल्क कोण भरणार याचा रकाना असतो. तिथे OUR निवडावे, म्हणजे सगळे शुल्क आपण भरतो. SHA, म्हणजे शुल्क दोघांत वाटून, निवडले तर मधली बँक आपले शुल्क रकमेतूनच कापून घेऊ शकते, विद्यापीठाला 18,000 ऐवजी थोडे कमी डॉलर पोहोचतात, आणि फी अपुरी म्हणून खाते अडकते. ते उरलेले वीस-पंचवीस डॉलर पुन्हा पाठवण्याचा खर्च त्या रकमेइतकाच होतो. विद्यार्थ्याचा ओळख क्रमांक तपशिलाच्या ओळीत लिहिला आहे ना, हेही पाहावे.

रक्कम गेल्यावर बँकेकडून स्विफ्ट संदेशाची प्रत मागावी. विद्यापीठात पैसे दिसत नसतील तर शोध घ्यायला तीच उपयोगी पडते. डेबिट झालेल्या रुपयांतून जीएसटी, शुल्क आणि टीसीएस वजा करून उरलेल्या रकमेला डॉलरने भागावे आणि आलेला भाव बुक केलेल्या भावाशी जुळतो का ते त्याच दिवशी तपासावे. फरक असेल तर दुसऱ्या दिवशी सकाळी शाखेत सांगावे. टीसीएसची नोंद काही महिन्यांनी आपल्या पॅनवर आयकर खात्याच्या वार्षिक कर-विवरणात दिसते आणि विवरणपत्र भरताना ती सनदी लेखापालाला दाखवावी लागते, त्यामुळे दोन्ही व्यवहारांच्या पावत्या एकत्र ठेवाव्यात.